“मी तिचा नवरा आहे, चावी द्या”: रिसेप्शनवर कोणाला किती सांगायचं?

प्रश्न: आमचं जिल्ह्याच्या गावी ४२ खोल्यांचं हॉटेल आहे, दारांना कार्डाची कुलपं आहेत. रिसेप्शनवरची मुलं नवीन आहेत. “अमुक साहेब तुमच्याकडे उतरलेत का?” असे फोन येतात, “बायको वर आहे, चावी द्या” म्हणणारे येतात, रात्री “कार्ड आतच राहिलं” म्हणणारे येतात. खऱ्या गेस्टला त्रास न होता हे कसं सांभाळायचं? ओळख पटवायची म्हणजे नक्की काय विचारायचं?

उत्तर:

रिसेप्शनवरून तीन गोष्टी बाहेर जाऊ शकतात: अमुक माणूस इथे उतरला आहे ही बातमी, त्याचा खोली नंबर आणि त्या खोलीची चावी. नवीन मुलं चावीला जपतात, पण पहिल्या दोन गोष्टी बोलता बोलता देऊन टाकतात. त्यांना ती माहिती वाटतच नाही, सौजन्य वाटतं. आणि वाईट हेतूने आलेल्याला बरेचदा तेवढंच पुरतं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं २००८ सालचं प्रकरण मुलांना जरूर सांगा. एरिन अँड्र्यूज ही क्रीडा पत्रकार तिथल्या एका मोठ्या हॉटेलात उतरली होती. तिच्या मागावर असलेल्या माणसाने ती तिथे उतरणार याची खात्री हॉटेलकडूनच करून घेतली. तिथे पोचल्यावर त्याने रेस्टॉरंटमधला हॉटेलचा अंतर्गत फोन उचलला आणि ऑपरेटरला तिच्या खोलीत जोडून द्यायला सांगितलं. फोनच्या छोट्या पडद्यावर खोलीचा नंबर उमटला. मग काउंटरवर जाऊन त्याने तिच्या शेजारचीच खोली मागितली, आणि ती त्याला मिळाली. दाराच्या पीपहोलमध्ये फेरफार करून त्याने तिचं चोरून चित्रण केलं. २००९ मध्ये ते इंटरनेटवर पसरलं. २०१६ मध्ये ज्यूरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि तिच्यातला ४९ टक्के वाटा हॉटेलच्या मालक व चालक कंपन्यांवर टाकला. या सगळ्यात चावी एकदाही चुकीच्या हातात गेली नव्हती.

यातून दोन कामं तुमच्याकडे आजच करण्यासारखी आहेत. लॉबीतला किंवा रेस्टॉरंटमधला फोन उचला, ऑपरेटरकडून कुठल्याही रिकाम्या खोलीत जोडून घ्या आणि पडद्यावर काय दिसतं ते पाहा. नंबर दिसत असेल तर ईपीएबीएक्सचं काम बघणाऱ्याला सांगून तो बंद करून घ्या. तेवढं जमेपर्यंत त्या जागी पडदा नसलेला साधा फोन ठेवला तरी चालेल. दुसरं, “त्यांच्या शेजारची खोली द्या” अशी मागणी आली तर आधी त्या गेस्टला विचारायचं. त्यांनी होकार दिला नाही, किंवा ते अजून आलेच नसतील, तर “रिकामी असेल त्याप्रमाणे खोली देतो” एवढंच म्हणायचं आणि खोली वेगळ्या मजल्यावर द्यायची.

फोनवर “अमुक उतरलेत का” असं विचारलं की उत्तर हो नाही आणि नाहीही नाही. ते असं: “कोण उतरलंय हे आम्ही फोनवर सांगत नाही. तुमचं नाव आणि निरोप द्या. या नावाचे कोणी असतील तर पोचवतो.” हे वाक्य सगळ्यांसाठी सारखंच हवं, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडी घसरते. गेस्ट नसला की मुलं मोकळेपणाने “नाही हो, या नावाचं कोणी नाही” म्हणतात, आणि असला की “आम्ही सांगत नाही” म्हणतात. दोनदा फोन करणाऱ्याला फरक लगेच कळतो. “सांगत नाही” याचाच अर्थ मग “आहेत” असा होतो. म्हणून नाव यादीत नसेल तरी तेच वाक्य बोलायचं आणि निरोप खरोखर लिहून घ्यायचा.

आपल्याकडे घरून वडीलधाऱ्यांचे फोन येतात, त्यांना असं तोडून बोलणं जिवावर येतं हे खरं आहे. त्यासाठी जोडून देण्याची सोय आहेच, फक्त तिचा क्रम ठरलेला हवा. फोन करणाऱ्याने गेस्टचं पूर्ण नाव सांगितलं पाहिजे. “३०४ ला जोडा” एवढ्यावर जोडायचं नाही, आणि “३०४ मध्ये कोण आहे?” याला तर उत्तरच नाही. लाइन होल्डवर टाकून गेस्टला विचारा: “अमुक यांचा फोन आहे, जोडू का?” त्यांनी नको म्हटलं किंवा उचलला नाही, तर फोन करणाऱ्याला पुन्हा तेच निरोपाचं वाक्य ऐकवा. नाव यादीत नसेल तेव्हाही लाइन तेवढाच वेळ होल्डवर ठेवा. हे नाटक वाटेल, पण होल्ड केलं की नाही यावरूनही अंदाज बांधणारे लोक असतात.

खोली नंबरावरूनच फोन जोडायचा नाही याला आणखी एक कारण आहे. रात्री उशिरा बाहेरून फोन येतो, “२१० ला जोडा.” तो माणूस गेस्टला सांगतो, “सर, रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं पेमेंट अडकलंय, कार्डाचे आकडे परत सांगा.” झोपेतला गेस्ट सांगून मोकळा होतो, कारण फोन हॉटेलच्याच लाइनवरून आलेला असतो. रात्री अकरानंतर बाहेरचा कोणताही कॉल गेस्टला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही असा नियम ठेवलात तर हा प्रकार तिथेच थांबतो. पैशांबद्दलचं बोलणं आमच्याकडे फक्त काउंटरवरच होतं, असं चेक-इनच्या वेळी एका वाक्यात सांगून ठेवलं तर आणखी बरं.

हीच युक्ती उलट्या दिशेनेही वापरतात: “हेड ऑफिसमधून बोलतोय, आजच्या गेस्टची यादी पाठव,” किंवा “मालकांचा भाचा बोलतोय.” नवीन मुलगा घाबरून यादी पाठवतो. उत्तर एकच: “सर, मी आपल्याकडे असलेल्या नंबरवर परत फोन करतो.” समोरच्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, डेस्कच्या वहीत असलेल्या नंबरवर. खरा मालक यावर रागावला तर तुम्ही मुलाची बाजू घ्यायची, नाहीतर पुढच्या वेळी तो विचारणारच नाही.

आता समोर उभ्या असलेल्या माणसाकडे येऊ. चेक-इन करताना खोली नंबर तोंडाने उच्चारायचा नाही. लॉबीत बसलेल्या दहा जणांना तो ऐकू जातो, आणि एकटी बाई असेल तर ती कुठे चालली हेही कळतं. कार्डाच्या पाकिटावर नंबर लिहा, बोट ठेवून दाखवा, “लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे” एवढं हळू आवाजात सांगा. नंबर कार्डावर कधीच नको. बेलबॉयनेही “३०४ चं सामान!” अशी आरोळी ठोकायची नाही. एखाद्या मुलाच्या तोंडून नंबर मोठ्याने निघून गेलाच, तर खोली बदलून हवी का असं गेस्टला लगेच विचारायचं. खोली शिल्लक असेल तर बदलून द्यायला दोन मिनिटं लागतात.

चावीसाठी ओळख पटवण्याची पद्धत एका उदाहरणातून सांगतो. रात्री पावणेबारा वाजता एक गृहस्थ येतात: “४१२, पाटील. कार्ड आत राहिलं, दुसरं द्या.”

पहिली चूक मुलगा इथेच करतो. स्क्रीनवर बघून विचारतो, “सचिन पाटील ना, पुण्याचे?” समोरचा “हो” म्हणतो. ओळख पटली नाही, ओळख पुरवली गेली. नाव, नंबर, गाव यातलं काहीही आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही, स्क्रीनही त्याच्या बाजूला फिरवायची नाही. “पूर्ण नाव सांगा, आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा.” आडनाव आणि खोली नंबर एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडे एका रात्री दोन-तीन पाटील सहज असतात, आणि नंबर लिफ्टमध्ये शेजारी उभा राहूनही कळतो.

ओळखपत्र असेल तर प्रश्न संपला. फोटो आणि नाव नोंदणी कार्डाशी, म्हणजे जीआरसीशी, ताडून पाहा आणि कार्ड द्या. पण पावणेबाराला पाकीटही बहुधा आतच राहिलेलं असतं. अशा वेळी आधी ४१२ ला फोन लावा. याचा मुलांना हमखास विसर पडतो. आत कोणी असेल आणि त्याने उचलला, तर तोच सांगेल पाठवायचं की नाही. समोर उभ्या असलेल्याला आत कोण आहे, काय म्हणाले, हे सांगायचं नाही; “थोडं थांबा” एवढं पुरे.

कोणी उचलला नाही तर चेक-इनच्या वेळी स्कॅन केलेल्या ओळखपत्रावरचा फोटो स्क्रीनवर उघडा आणि चेहरा पाहा. आधारवरचा फोटो दहा वर्षं जुना असू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही, दोन प्रश्न विचारायचे. प्रश्न कोणते हे महत्त्वाचं. जन्मतारीख आणि मोबाइल नंबर निरुपयोगी: घरच्यांना, ऑफिसमधल्यांना, कधी कधी व्हिजिटिंग कार्ड मिळालेल्या कोणालाही ते माहीत असतात. गाडीचा नंबरही नको, गाडी खाली पार्किंगमध्येच उभी असते. चांगले प्रश्न म्हणजे जे फक्त मुक्कामातून कळतात: कुठल्या दिवशी, साधारण किती वाजता चेक-इन केलं? आगाऊ रक्कम किती भरली, आणि रोख, कार्ड की यूपीआय? काल रूम सर्व्हिसमध्ये काय मागवलं होतं? खोलीत किती जणांची नोंद आहे? यातले कोणतेही दोन विचारा, आणि दर वेळी वेगळे. एकाच प्रश्नाची सवय लागली की त्याचं उत्तर तयार ठेवून येणं सोपं होतं. एक उत्तर थोडं चुकलं तर लगेच चोर ठरवू नका, आगाऊ रक्कम लोक विसरतात. दोन्ही साफ चुकली तर ड्युटी मॅनेजरला बोलवायचं.

उत्तरं बरोबर आली तरी कार्ड काउंटरवर द्यायचं नाही. कार्ड बनवा आणि सिक्युरिटी किंवा दुसऱ्या एका माणसासोबत वर पाठवा. ते कार्ड आपल्या माणसाच्या हातात राहतं. दार उघडण्यापूर्वी तो विचारतो, “ओळखपत्र आत कुठे आहे? बॅग कशी आहे?” मग टकटक करून, मोठ्याने “रिसेप्शन!” म्हणून, दोन-चार सेकंद थांबून दार उघडायचं. दार धरून उंबऱ्यावरच उभं राहायचं. गेस्टने आत जाऊन ओळखपत्र आणून दाखवायचं. नाव जुळलं की कार्ड हातात. त्यांच्या सामानाला आपल्या माणसाने हात लावायचा नाही, नाहीतर उद्या वेगळीच तक्रार येईल. सगळ्याला मिळून पाच-सात मिनिटं लागतात. गेस्ट कुरकुरला तर सांगायला एक वाक्य आहे: “साहेब, उद्या दुसरा कोणी तुमचं नाव सांगून आला तर त्यालाही आम्ही असंच थांबवू.” बहुतेक जण यावर शांत होतात.

शेवटी वहीत एक ओळ: वेळ, खोली, कोणी मागितलं, ओळख कशी पटवली, कार्ड कोणी बनवलं, सोबत कोण गेलं. ही वही पुढच्या मुद्द्यासाठी लागणार आहे.

कार्ड बनवताना एन्कोडरच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे दोन पर्याय असतात, नवीन चावी आणि डुप्लिकेट. मुलं जे बटण आधी दिसेल ते दाबतात. बहुतेक हॉटेलांतली कुलपं कॉम्प्युटरला जोडलेली नसतात, ती बॅटरीवर आपापली चालतात. कोणतं कार्ड चालू आहे हे रिसेप्शनवरून कुलपाला कळवता येत नाही, ते कार्डातूनच कळतं. “नवीन” कार्डावर पुढचा कोड असतो. ते दाराला लागलं की कुलूप पुढच्या कोडवर जातं आणि आधीची सगळी कार्डं बंद पडतात. “डुप्लिकेट” कार्डावर तोच कोड असतो, म्हणून जुनंही चालू राहतं.

म्हणून कार्ड खोलीतच राहिलं असेल तर डुप्लिकेट, आणि कार्ड बाहेर कुठे हरवलं असेल तर नवीन. खरी मेख अशी की नवीन कार्ड बनवल्याने जुनं मरत नाही. नवीन कार्ड प्रत्यक्ष दाराला लागेपर्यंत जुनं चालूच असतं. गेस्ट बाजारात कार्ड हरवून आला, नवीन घेऊन जेवायला बसला, तर त्या तासाभरात सापडलेल्या कार्डाने दार उघडतं. कार्ड हरवलं की आपल्या माणसाने लगेच वर जाऊन नवीन कार्ड एकदा दाराला लावून यायचं. खोलीत दोन जण असतील तर दुसऱ्याचं कार्ड बंद पडणार हेही आधी सांगायचं, आणि दोघांना पुरतील अशी कार्डं त्याच वेळी बनवायची.

या रचनेचा एक फायदाही आहे. राहत्या गेस्टचं कार्ड अचानक चालेनासं झालं तर ते कोणीतरी दुसरी नवीन चावी बनवल्याचंही लक्षण असू शकतं. मुलं न बघता कार्ड परत एन्कोड करून देतात आणि खूण पुसली जाते. आधी हे बघा: खोलीतलं एकच कार्ड बंद आहे की सगळी? एकच बंद असेल तर बहुधा कार्डच खराब आहे. सगळी बंद असतील तर मुक्काम वाढवला पण कार्डाची मुदत वाढवली नाही असं झालंय का ते चेक-आउटच्या तारखेवरून पाहा. हे सर्वात जास्त वेळा निघतं. मुदत शिल्लक असूनही बंद असतील तर कुलपाचं घड्याळ चुकलंय का ते तपासा. बॅटऱ्या बदलताना ते कधी कधी मागेपुढे होतं. आणि त्याच वेळी एन्कोडरची नोंद उघडा: या खोलीचं शेवटचं कार्ड कधी आणि कोणाच्या लॉगिनने बनलं? त्या नोंदीला वहीत ओळ नसेल, तर ड्युटी मॅनेजरने कुलपातली उघडझाप नोंद हँडहेल्ड यंत्राने काढून घ्यायची आणि गेस्टला खोली बदलून द्यायची. आधी नोंद, मग नवीन कार्ड. आणि हे सगळं उपयोगी पडायला प्रत्येक मुलाचं लॉगिन वेगळं हवं. सगळे “admin” वर बसत असतील तर नोंद असून नसल्यासारखी.

कुलपांबद्दल एक गोष्ट मालक म्हणून तुम्हाला माहीत हवी. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की Saflok प्रकारच्या कुलपांच्या हॉटेलातलं कोणतंही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती लागलं तर बनावट कार्डांची जोडी करून तिथलं कोणतंही दार उघडता येतं. जगभरातली ३० लाखांहून जास्त कुलपं यात येत होती. कंपनीने दुरुस्ती काढली आहे, पण ती प्रत्येक कुलपावर जाऊन करावी लागते. तुमची कुलपं कोणत्या कंपनीची आहेत, कार्डं कोणत्या प्रकारची आहेत आणि अपडेट झालंय का, हे पुरवठादाराला लेखी विचारा. कुलूप कोणतंही असो, चेक-आउटची कार्डं काउंटरवरच्या परडीत पडू देऊ नका, ड्रॉवरमध्ये टाका. मास्टर कार्डं सही करून द्यायची आणि शिफ्ट संपताना सही करून परत घ्यायची. आतून बोल्ट लावलेला असतानाही उघडणारं इमर्जन्सी कार्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत, आणि सील फोडलं की कारण लिहायचं.

दरवाजाची दुसरी चावी हाउसकीपिंगकडे असते हे विसरू नका. मजल्यावर रूम बॉयला “भाऊ, जरा ४०६ उघड ना” म्हणणारा माणूस रिसेप्शनचा सगळा खटाटोप वाया घालवतो. रूम बॉयने कोणासाठीही दार उघडायचं नाही, गेस्टला खाली पाठवायचं. साफसफाई चालू असताना उघड्या दारातून कोणी आत आलं तर नम्रपणे सांगायचं, “सर, तुमचं कार्ड एकदा दाराला लावता का?” हिरवा दिवा लागला तर ठीक.

आता नवऱ्याचा प्रश्न. त्याचं नाव जीआरसीवर असेल आणि ओळखपत्र जुळत असेल तर तो त्या खोलीचा गेस्ट आहे, चावी द्या. नाव नसेल तर तो तुमच्यासाठी अनोळखी माणूस आहे, लग्नाचा फोटो दाखवला तरी आणि तिच्याच आडनावाचं आधार दाखवलं तरी. ते लग्नाचे पुरावे आहेत, त्या खोलीत राहण्याच्या परवानगीचे नाहीत. नवरा-बायको वेगळे राहत असतील, कोर्टात केस चालू असेल, ती घर सोडून आलेली असेल, यातलं काहीच काउंटरवर कळत नाही आणि विचारायचंही नाही. “कोण उतरलंय हे आम्ही सांगत नाही; तुम्ही त्यांना मोबाइलवर फोन करा, त्या खाली येऊन नाव नोंदवतील तर लगेच चावी देतो.” तो तिथून हलल्यावर, किंवा आतल्या ऑफिसमधून, तिला फोन करून सांगा की अमुक नावाचे गृहस्थ खाली आहेत. ती हो म्हणाली तरी तिने खाली यायचं, त्याचं ओळखपत्र घेऊन नाव चढवायचं, मग चावी. नको म्हणाली तर तो लॉबीतून जाईपर्यंत सिक्युरिटीला सावध ठेवा, आणि तिला वेगळ्या मजल्यावर खोली हवी का विचारा.

अवघड गाठ तेव्हा पडते, जेव्हा दोघांचीही नोंद आहे आणि मुक्कामात ती येऊन सांगते, “त्यांना चावी देऊ नका.” नोंद असलेल्या गेस्टला त्याच्याच खोलीबाहेर ठेवायचा अधिकार रिसेप्शनला नाही, आणि तिला तसं सांगून परत पाठवणंही बरोबर नाही. अशा वेळी तिला तिच्या एकटीच्या नावाने वेगळी खोली द्या, नवीन जीआरसी करा, आणि तिच्या नावापुढे सिस्टिममध्ये “माहिती देऊ नये” अशी खूण करा. त्याला त्याची जुनी खोली आहेच.

हा ताप कमी करायचा तर चेक-इनलाच एक प्रश्न विचारा: “तुमच्याशिवाय आणखी कोणाला चावी द्यायची आहे का?” उत्तर जीआरसीवर लिहून सही घ्या. कंपनीच्या बुकिंगमध्येही हेच. बुकिंग करणाऱ्या ऑफिसला त्यांनी भरायच्या बिलापुरती माहिती मिळेल. “साहेब पोचले का, सोबत कोण आहे, रात्री किती वाजता आले” हे त्यांनी साहेबांनाच विचारावं.

पोलिसांचं वेगळं आहे. रजिस्टर तपासायला ते येतातच आणि त्यात अडवणूक करायची नाही. पण गणवेशात असो की साध्या कपड्यात, ओळखपत्र पाहा, नाव, बक्कल नंबर आणि पोलीस ठाणं लिहून घ्या, शंका वाटली तर ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून खात्री करा, आणि ड्युटी मॅनेजरला बोलवा. नोंदींच्या किंवा सीसीटीव्हीच्या प्रती न्यायच्या असतील तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये तशी तरतूद आहे, आणि खरा अधिकारी त्यावर चिडत नाही. खोली उघडायची वेळ आली तर चावी देऊन मोकळं व्हायचं नाही, मॅनेजरने सोबत जायचं आणि वेळ लिहायची.

राहिली ती माहिती जी कोणी मागितलेलीच नसते. काउंटरवर उघडं पडलेलं मोठं रजिस्टर पाहा: नाव, पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, खोली. सही करताना प्रत्येक गेस्ट वरच्या आठ जणांचं वाचतो. प्रत्येकाला सुटं जीआरसी कार्ड द्या आणि रजिस्टर आतल्या बाजूला तुम्हीच भरा. लग्नाचं वऱ्हाड उतरलं की नावं आणि खोल्यांची यादी रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवायची पद्धत आहे. दागिन्यांनी भरलेल्या खोल्या कोणत्या आणि मुहूर्ताच्या वेळी त्या रिकाम्या असणार हे त्या कागदावरून कोणालाही कळतं. यादीची एक प्रत वधूपक्षाच्या एका माणसाकडे, एक वरपक्षाच्या, आणि तिसरी ड्रॉवरमध्ये. जेवणाचं पार्सल घेऊन आलेल्या मुलाला वर पाठवू नका, गेस्टला खाली बोलवा.

ओळखपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर रिसेप्शनच्या मोबाइलची गॅलरी एकदा उघडून पाहा. शेकडो गेस्टची आधार कार्डं तिथे असतील, आणि फोन कोणाच्या तरी खासगी गुगल खात्याला जोडलेला असेल तर त्या खात्यावरही. बुकिंगच्या मेसेजमध्येच मास्क केलेलं आधार मागा. त्यावर नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधून फोटो आपोआप गॅलरीत जाणं बंद करा, प्रत हॉटेलच्या सिस्टिममध्ये चढवली की चॅटमधून काढून टाका. फोन हॉटेलच्या खात्यावर ठेवा, आणि शिफ्टमधलं कोणी नोकरी सोडून गेलं की त्या दिवशीच पासवर्ड बदला, “लिंक केलेली डिव्हाइसेस” उघडून अनोळखी कॉम्प्युटर काढून टाका आणि एन्कोडरवरचं त्याचं लॉगिन बंद करा.